एका फाइलीवर एकच हात

नांदेडला पेढी आणि लातूरला शाखा असलेल्या कापड व्यापारी बांधवांनी एक हिशेब करून पाहावा. सकाळी साठ्याच्या एक्सेल फाइलीत एका मालाचे 40 तागे आहेत. तीच फाइल मोबाइलवरून लातूरला गेली. नांदेडच्या मुनीमजींनी 6 तागे विकून 34 लिहिले. लातूरच्या मुनीमजींनी सकाळच्याच प्रतीत 10 तागे उचलल्याची नोंद करून 30 लिहिले आणि फाइल परत पाठवली. नांदेडला ती जुन्या फाइलीवर चढवली गेली. गोदामात 24 तागे, फाइलीत 30! बिले आहेत, गल्ल्यात रक्कम आहे, पण साठ्यात विक्रीच नाही. ही खूण दिसली की चोरीचा संशय घेण्याआधी फाइल तपासावी.

दुकानातील जोडलेल्या संगणकांवर दुसऱ्याने तीच फाइल उघडली तर एक्सेल सहसा सूचना देते. मोबाइलने किंवा पेन ड्राइव्हने गेलेल्या प्रतीला तो पहारा नसतो. म्हणून आमच्या मते पेढीच्या मालकाने सर्व मुनीम-कारकुनांना लेखी कळवावे, ते असे:

प्रत्येक शाखेने आपल्याच फाइलीत लिहावे. दोन्हींची बेरीज एकाच ठरलेल्या माणसाने करावी. फाइलीचे नाव असे असावे:

```
2025-06-14_SATHA_LUR_v03.xlsx
```

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिवस आधी लिहिला तर 1 मे ची फाइल 30 एप्रिलच्या वर जाऊन बसते. तारखेत तिरकी रेघ विंडोज घेत नाही, म्हणून आडवी रेघ. नांदेडसाठी NED, लातूरसाठी LUR, ही रेल्वेचीच अक्षरे. शेवटचा आकडा आवृत्तीचा. फाइल दुसऱ्याकडे पाठवली की पुढचा बदल v04 या नव्या नावाने जतन करावा. ‘फायनल’ हा शब्द नावात नको, कारण त्यानंतर ‘नवी फायनल’ येतेच.

फोल्डर दोनच: ‘चालू’ आणि ‘जुने’. ‘चालू’मध्ये प्रत्येक शाखेची एकच फाइल राहील. जुनी आवृत्ती ‘जुने’मध्ये हलवावी, पुसू नये.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 2017 च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम 56 सांगतो की हिशेबातील नोंद खोडून वा तिच्यावर दुसरी लिहून नाहीशी करू नये. संगणकावरील हिशेबात बदललेल्या व काढलेल्या प्रत्येक नोंदीची नोंद ठेवावी. नुसत्या आवृत्त्या त्याला पुऱ्या पडत नाहीत. सबब फाइलीतच ‘बदल’ नावाचे पान ठेवून तारीख, नाव, जुना आकडा, नवा आकडा व कारण लिहावे.

चोपडीत चुकीचा आकडा खोडरबराने न पुसता रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहिण्याची रीत आपल्या पेढ्यांना नवी नाही. संगणकावरही तीच चालवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.