पैशाचा वाद पैशाने मिटवा, अनुभव गहाण ठेवू नका

हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते: "नोटीस पूर्ण केली नाही म्हणून कंपनी लेटर देत नाही." एचआरचं उत्तरही ठरलेलं: "आधी पैसे भरा, मग बघू."

मंडळी, इथे कागद दोन आहेत. रिलिव्हिंग लेटर सांगतं की माणसाला कामातून मोकळं केलं. अनुभव प्रमाणपत्र सांगतं की तो अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होता. पैशाच्या वादात पहिला कागद अडकला, तर निदान कारण तरी कळतं. पण दुसऱ्यात वाद कसला? ३० दिवस कमी भरले म्हणून ३ वर्षांचं काम पुसलं जातं का?

आता हिशोब बघा. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय: ९० दिवसांची नोटीस, किंवा कमी पडलेल्या दिवसांचा बेसिक पगार. मुलाने ६० दिवस काम केलं. एकूण पगार ६० हजार, त्यात बेसिक २४ हजार. म्हणजे देणं २४ हजार. कंपनी मात्र ६० हजार मागते, कधी थेट तीन महिन्यांचे १ लाख ८० हजार! करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. उलट हीच कंपनी माणूस काढते तेव्हा बेसिक हातावर ठेवून संध्याकाळी ओळखपत्र काढून घेते. तेव्हा नाही आठवत ९० दिवस!

म्हणून फोनवर विनवण्या करू नका. स्वतःच्या ईमेलवरून लिहा. राजीनाम्याची तारीख, शेवटचा दिवस, लॅपटॉप परत केल्याची पावती जोडा. फुल अँड फायनलचा हिशोब लेखी मागा. २४ हजार हक्क राखून भरायला तयार आहे, असं स्पष्ट लिहा. आणि अनुभव प्रमाणपत्र वेगळं मागा, १५ दिवसांची मुदत देऊन. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस स्पीड पोस्टाने. राजीनामाच न देता गायब झालेल्याची बाजू मात्र लंगडी पडते.

अडचणही सांगतो. मॅनेजर पदावरचा माणूस बहुधा 'कामगार' व्याख्येत बसत नाही, त्यामुळे कामगार आयुक्तालयाचा रस्ता त्याला सहसा बंद. दिवाणी कोर्ट उरतं, ते संथ. कंपन्या नेमक्या याच संथपणावर जगतात.

म्हणून माझी मागणी नव्या कंपन्यांकडेही आहे. पगारपत्रकं आहेत, फॉर्म १६ आहे, पीएफची सेवानोंद आहे. पीएफमधली नोकरी सोडल्याची तारीख तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः पोर्टलवर भरू शकतो. एवढे पुरावे समोर असताना जुन्या मालकाच्या सहीसाठी माणसाला ताटकळत ठेवायचं, म्हणजे त्या अडवणुकीला तुम्हीच हात देताय.


थकबाकी असेल तर वसूल करा, रीतसर. माणसाची वर्षं तारण म्हणून ठेवून घेऊ नका.