जरीपटक्यातून जरीपटक्यात फोन, तरी आधी 0712? काय आहे प्रकार?

नागपूर : जरीपटक्यातील दुकानातून दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात लँडलाइनवरून फोन लावायचा, तर आज सात अंक पुरतात. पुढे मात्र 0712 सह पूर्ण क्रमांक फिरवावा लागू शकतो. तशी शिफारस दूरसंचार नियामक 'ट्राय'ने फेब्रुवारी 2025 मध्ये केली आहे. अंमलबजावणीचा निर्णय दूरसंचार विभागाचा आहे.

सात अंक का पुरतात?

एक्स्चेंज पहिल्या अंकावरून अंदाज बांधते. सुरुवात 2 ने झाली तर फोन गावातलाच, असे धरून सातव्या अंकानंतर ते जोडणी करते. सुरुवात 0 ने झाली तर पुढे कोड येणार हे त्याला कळते. म्हणजे 'नागपूर' हे आपण सांगत नाही, एक्स्चेंज गृहीत धरते.

मग अडचण कुठे?

लँडलाइनचे क्रमांक कोडच्या हद्दीत अडकलेले आहेत. वर्ध्याचे (07152) क्रमांक शिल्लक असले तरी नागपूरला वापरता येत नाहीत. म्हणून पूर्ण राज्याच्या दूरसंचार परिमंडळासाठी दहा अंकी क्रमांकांचा एकच साठा करावा, असे ट्राय म्हणते. 712 आणि पुढचे सात किंवा 7152 आणि पुढचे सहा, बेरीज दहाच. त्यामुळे जुना क्रमांक बदलणार नाही.

समजा, उद्या जरीपटक्यात एका घरी 712 चा आणि शेजारी दुसऱ्या कोडचा फोन आला. मग नुसते शेवटचे अंक फिरवले तर कोणता फोन वाजवायचा, हे एक्स्चेंजला ठरवता येणार नाही. एकाच शहरावर दोन कोड असण्याला 'ओव्हरले' म्हणतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 1999 साली जुन्या 212 वर 646 हा कोड आला. आता तेथे शेजारच्या इमारतीत फोन करतानाही कोड लागतो.

फरक कुणाला पडेल?

फक्त लँडलाइनवरून लँडलाइनवर फोन करणाऱ्यांना. मोबाइलवरून लँडलाइनला आपण आधीपासूनच 0712 लावतो. लँडलाइनवरून मोबाइलला 0 लावणे जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे.

खरी गडबड यंत्रांत होईल. लिफ्टमधला आपत्कालीन फोन, दुकानाचा चोर-अलार्म, दवाखान्याचा ईपीएबीएक्स यांत सात अंकी क्रमांक भरून ठेवलेले असतात. माणूस 'क्रमांक तपासा' ही सूचना ऐकून पुन्हा फिरवेल, अलार्म मात्र तोच चुकीचा क्रमांक लावत राहील. आणि हे चोरी झाल्यावरच कळेल.

म्हणून बदल एका रात्रीत नको. काही महिने दोन्ही पद्धती चालू ठेवाव्यात आणि सात अंक फिरवणाऱ्याला मराठी-हिंदीत सूचना ऐकवावी. ग्राहकांना त्यासाठी थांबायची गरज नाही. 0 आणि कोडसह क्रमांक आजही लागतो का, हे एकदा फिरवून पाहावे. लागत असेल तर यंत्रांत आणि दुकानाच्या पाटीवर तोच भरावा.