निकालाच्या जाहिरातीत छेदही छापा

बारावीचा निकाल लागला की परभणीच्या स्टेशन रोडपासून जिंतूर रोडपर्यंत फ्लेक्स चढतात. मुलांचे अभिनंदन व्हायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. त्या अभिनंदनाच्या आडून पुढच्या वर्षीचे प्रवेश विकले जातात, त्यावर माझा आक्षेप आहे.

‘जिल्ह्यात प्रथम’ हे शब्द घ्या. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे कधीच बंद केले आहे. महाविद्यालयाच्या हाती फक्त त्याच्या स्वतःच्या मुलांचे गुण येतात. मग सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा इथल्या सगळ्या मुलांचे गुण या प्राचार्यांनी कुठे पाहिले? खरे सांगायचे तर ‘आमच्या महाविद्यालयात प्रथम’ एवढेच छापता येते. त्याहून वाईट आमच्या घरचे आहे. ‘मुस्लिम समाजातून जिल्ह्यात प्रथम’ अशी यादी मंडळ कधीच काढत नाही, तरी ‘माशाअल्लाह’ लिहून ती पोस्ट आपणच दहा ग्रुपवर पाठवतो.

सीईटीचे आकडे आणखी फसवे. 96 पर्सेंटाइल म्हणजे 96 टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर शंभरातल्या 96 जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा त्या गटात तीन लाख मुले बसली, तर सुमारे बारा हजार मुले तिच्या पुढे आहेत. पालममधल्या मजूर बापाला हे कोण सांगणार? तो ‘96’ वाचतो, मुलीचा मेडिकलचा प्रवेश पक्का समजतो आणि उसनवारी करून धाकटीची फी त्याच ठिकाणी भरतो.

अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो. जाहिरातीत अंश छापतात, छेद लपवतात. आठ चेहरे दिसतात, पण ते कितीमधले आठ हे कुठेच नसते. ‘निकाल 100 टक्के’ यातही कधी कधी छेदच कापलेला असतो. कच्च्या मुलांना आधीच बाहेरून 17 नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे ती महाविद्यालयाच्या हिशेबातच येत नाहीत. मापात कमी देणाऱ्यांवर कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. तराजू फक्त किराणा दुकानात असतो असे समजण्याचे कारण नाही.

मग प्रामाणिक जाहिरात कशी दिसेल? समजा मजकूर असा आहे: ‘अकरावीला प्रवेश 140. बारावीच्या परीक्षेला बसले 120, उत्तीर्ण 108. विशेष प्रावीण्य 9, प्रथम श्रेणी 41. महाविद्यालयात सर्वाधिक गुण 600 पैकी 506. सर्वांचे अभिनंदन, अनुत्तीर्ण 12 जणांसाठी पुरवणी परीक्षेचे वर्ग सोमवारपासून.’ यात एकही विशेषण नाही. पण पालकाला कळते की वीस मुले मधेच गळाली, आणि ती का गळाली हे तो विचारू शकतो. नापास मुलांची आठवण ठेवणारी जाहिरात मला आठ चेहऱ्यांच्या फ्लेक्सपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

नोकरीचेही तेच. पदविका किंवा पदवी महाविद्यालय ‘35 विद्यार्थ्यांना प्लेसमेंट’ म्हणते तेव्हा त्या 35 मध्ये मेळाव्यात मुलाखतीला बोलावलेलेही मोजलेले असू शकतात, अप्रेंटिसही. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था एएससीआय हिचा नियम स्पष्ट आहे: किती जणांना नोकरी लागली हे छापायचे तर त्या वर्गातून एकूण किती उत्तीर्ण झाले तेही छापा. म्हणजे छेदाची मागणी माझी एकट्याची नाही.

फोटोचा मुद्दाही आहे. कोचिंग क्लाससाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय नाव-फोटो वापरायचा नाही, आणि त्याने कोणता कोर्स केला होता तेही सांगायचे. महाविद्यालयांनीही हे पाळायला हरकत काय? आपल्याकडे नाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल दोन वर्षे लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये, असे सर्रास चालते. निकालानंतर तोच चेहरा दोन्ही फ्लेक्सवर झळकतो. ज्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना चौकातला फोटो नको असेल, तिचे नुसते नाव छापा. तेही नको असेल तर ती 108 मध्ये मोजली गेली आहेच.

संस्थाचालक म्हणतात, एवढे खरे छापले तर प्रवेश समोरच्याकडे जातील. पहिल्या वर्षी काही जातीलही. पण समोरच्याला ‘कितीपैकी?’ हा प्रश्न आज कुणीच विचारत नाही, म्हणून तो निर्धास्त आहे. गुणवंतांचे सत्कार करणाऱ्या आमच्या जमातींनी आणि कमिट्यांनी तो विचारायला सुरुवात करावी. सत्काराच्या अर्जात दोन रकाने वाढवा: परीक्षेला किती बसले, उत्तीर्ण किती. प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह. हे आकडे मंडळाच्या निकालपत्रकावरून त्यांच्या टेबलावर आलेलेच असतात.