सातारचं घर विकलं, सांगलीत फ्लॅट घेतला. पण नाव कुणाचं लावायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण गेल्या वर्षभरात ज्यांनी घर विकलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण 31 जुलै जवळ आलीय.

आमच्या मामांनी डिसेंबर 2025 मध्ये सातारचं गोडोलीतलं घर 56 लाखांना विकलं. मुलगा सांगलीत, नातवंडं तिथे, म्हणून विश्रामबागेत फ्लॅट बघितला. सौदा 40 लाखांचा. साठेखताच्या आदल्या रविवारी सगळे जमलो आणि नावावरून चर्चा पेटली. एजंट म्हणाला, "मामींच्या नावावर करा, बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, 40 हजार वाचतील." मामेभाऊ म्हणाला, "कशाला, माझ्याच नावावर करू, पुढं वारसनोंदीची कटकट नको." दोघांचंही तसं चूक नव्हतं. पण घर विकल्याच्या नफ्यावरचा कर कुणी हिशेबातच धरला नव्हता. मी म्हटलं, मामा, आधी फाईल काढा.

फाईल म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी. त्यात 2006 चं खरेदीखत निघालं. घर, मुद्रांक आणि नोंदणी धरून साडेनऊ लाख. 2012-13 साली वरचा मजला चढवला, खर्च झाला 6 लाख 40 हजार, पण पावत्या आणि चेकच्या नोंदी मिळाल्या फक्त साडेचार लाखांच्या. बाकी गवंड्याला रोख दिलेले, कागद नाही म्हणजे आयकर खात्याच्या दृष्टीने खर्चही नाही. आता विक्रीचे 56 लाख, त्यातून दलाली 50 हजार वजा, मग साडेनऊ आणि साडेचार वजा. उरला 41 लाख 50 हजार नफा.

जुलै 2024 पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. मात्र 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला दुसरा पर्याय ठेवलाय. महागाई निर्देशांकाने जुना खर्च वाढवायचा आणि उरलेल्या नफ्यावर 20 टक्के. दोन्हींत जो कर कमी, तोच भरायचा. निर्देशांक 2006-07 ला 122, 2012-13 ला 200 आणि 2025-26 ला 376. त्यामुळे साडेनऊ लाखांचे झाले 29 लाख 28 हजार, साडेचारचे 8 लाख 46 हजार. नफा उरला 17 लाख 76 हजार. त्यावर 20 टक्के आणि 4 टक्के उपकर धरून कर साधारण 3 लाख 69 हजार. साडेबाराच्या वाटेने तो 5 लाख 39 हजारांवर जात होता. (त्या हरवलेल्या 1 लाख 90 हजारांच्या पावत्या असत्या तर हाच कर आणखी 70 हजारांच्या वर कमी झाला असता. वाळू-सिमेंटच्या पावत्या फेकणाऱ्यांनो, बघा.)

हा सगळा कर शून्य होऊ शकतो. आयकर कायदा 1961 च्या कलम 54 नुसार दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असलेलं राहतं घर विकून भारतात दुसरं राहतं घर घेतलं, तर नव्या घरात गेलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नव्या करप्रणालीत ही सूट मिळत नाही असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, मिळते. विक्रीचे सगळे 56 लाख घालायचीही गरज नाही, नफा गुंतवला की पुरे. (प्लॉट विकून घर घेणाऱ्यांचं कलम वेगळं आहे, तिथे दलाली वजा जाता सगळी विक्री रक्कम घालावी लागते. दोन्हींची गल्लत करू नका.)

सांगलीच्या फ्लॅटचे 40 लाख, मुद्रांक 6 टक्क्यांनी 2 लाख 40 हजार, नोंदणी 30 हजार. मुद्रांक आणि नोंदणी घराच्या किमतीतच धरतात, म्हणजे 42 लाख 70 हजार. नफा साडेएकेचाळीस. पूर्ण बसला.

आता नावाचा प्रश्न. नफा मामांचा, सूट मागणार मामा. घर मुलाच्या नावावर गेलं तर? अशाच सवलतीच्या जुळ्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 साली दत्तक मुलाच्या नावावरच्या घराला सूट नाकारलीय. पत्नीच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली उदार निकाल दिला. पण आपण सातारा-सांगलीकर मुंबईच्या अधिकारक्षेत्रात येतो. 40 हजार वाचवायला 3 लाख 69 हजारांचा वाद अंगावर घ्यायचा का?

इथे माझा सरकारवर राग आहे. एक सरकार म्हणतं बाईच्या नावावर घर घ्या, एक टक्का सोडतो. दुसरं सरकार म्हणतं विकणाऱ्याच्या नावावर घ्या, नाहीतर कर भरा. ज्या बाईने तीस वर्षं ते घर सांभाळलं तिला मालकी द्यावी की कर वाचवावा, हा पेच सामान्य घरात का आणायचा? पैसा विकणाऱ्याचाच असेल तर पत्नीच्या नावाला सूट आहे, एवढं एक वाक्य कायद्यात घालायला काय हरकत आहे? तोवर आम्ही मधला मार्ग काढला. पहिलं नाव मामांचं, दुसरं मामींचं, पैसे सगळे मामांच्या खात्यातून. एक टक्का गेला. एजंट नाराज, मामीही थोड्या.

दुसरी अडचण तारखेची. फ्लॅटवाल्यांचं स्वतःचं घर पूर्ण व्हायचंय, त्यामुळे खरेदीखत ऑक्टोबरमध्ये. साठेखताला मुद्रांक-नोंदणीसह 10 लाख गेले. नफ्यातले उरलेले साडेएकतीस लाख मामांनी पतसंस्थेत ठेवले होते, व्याज चांगलं म्हणून. ते चालत नाही. दोन वर्षांची मुदत असली तरी 31 जुलै 2026 पर्यंत, म्हणजे विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जे पैसे नव्या घरात गेले नाहीत, ते अधिकृत बँकेत 1988 च्या 'कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम'च्या खात्यात टाकावे लागतात. राष्ट्रीयीकृत बँकेतली साधी एफडीसुद्धा चालत नाही. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर करदात्याच्या विरोधात निकाल दिलाय. खातं दोन प्रकारचं असतं, बचतीसारखं आणि मुदतठेवीसारखं. पैसे ऑक्टोबरला लागणार म्हणून आम्ही पहिलं निवडलं. त्यातून पैसे फॉर्म भरून काढायचे आणि काढल्यापासून 60 दिवसांत घरासाठीच खर्चायचे.

फ्लॅटवाल्यांनी मधेच "सहा लाख रोख द्या, कागदावर 34 लावू" असंही सुचवलं होतं. मामांनी हात जोडले. 34 च्या कागदावर मुद्रांक धरूनही 37 लाख होत नाहीत, आणि रोख दिलेले सहा लाख कुठेच मोजले जात नाहीत. शिवाय हा फ्लॅट तीन वर्षांच्या आत विकला तर घेतलेली सूट किमतीतून वजा होते. आमच्या हिशेबात 42 लाख 70 हजारांच्या फ्लॅटची किंमत तेव्हा फक्त 1 लाख 20 हजार धरली जाईल. "सांगली मानवली नाही तर परत येऊ" असं मामी म्हणतात, त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मामा पेन्शनर, दरवर्षी आयटीआर-1 भरायचे. यंदा आयटीआर-2 लागणार. घेणाऱ्याने कापलेला एक टक्का टीडीएस, 56 हजार, त्यातूनच परत मागायचाय. पतसंस्थेची ठेव मोडली, व्याज थोडं बुडालं. सोमवारी बँकेत जातोय, विक्रीचं खरेदीखत आणि पॅनकार्ड घेऊन.