फीत विसरली की सुभेदाराचा लेफ्टनंट होतो

उल्हासनगर कॅम्प १ पासून बदलापूरपर्यंतच्या गणवेश-कारागिरांची तक्रार एकच आहे: लष्करी बिल्ल्यांचे नियम बदलतात, गिऱ्हाईक जुना नमुना घेऊन येते आणि माल परत येतो. तक्रार खरी आहे. पण निम्मा माल आपल्याच हलगर्जीपणामुळे परत येतो.

खांद्यावरच्या दोन ताऱ्यांखाली आडवी रंगीत फीत असेल तर तो सुभेदार, नसेल तर लेफ्टनंट. शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षांनी मिळालेला हुद्दा त्या फितीत असतो. ‘तारे बरोबर आहेत ना?’ असे गिऱ्हाइकाला विचारणाऱ्या दुकानदाराला काम कळलेलेच नाही.

दुसरा घोळ १ ऑगस्ट २०२३ पासूनचा. त्या दिवसापासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची हुद्द्याची चिन्हे, गळपट्ट्या, पट्टा आणि बूट एकसारखे झाले, लॅनयार्ड गेली. कर्नल आणि त्याखालच्यांचे काहीच बदललेले नाही. तरी काही दुकानांत सगळ्यांनाच एक साचा लावला जातो. कर्नल आपल्या पलटणीचा प्रमुख असतो, म्हणून रायफल रेजिमेंटमधल्याची काळी चिन्हे काळीच राहतात. ब्रिगेडियरच्या हाताखाली अनेक रेजिमेंटचे जवान असतात. तो कुणा एकीचा दिसू नये, हे या आदेशामागचे कारण. ते समजले की कापड बेतताना चूक होत नाही.

पलटणीची खूण जवानाला काय देते, हे महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून कळते. १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार पलटण १९२१मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. त्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. वीस वर्षे दारे बंद असलेल्या समाजातला रंगरूट आपले पूर्वज सैनिक होते, ही खूण रोज टोपीवर घालत होता. १९४६मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली आणि एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या व्हिकर्स मशीनगन बिल्ल्यावर आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. एका बिल्ल्याचे तीन नमुने, तिन्ही वेगवेगळ्या काळांचे. माजी सैनिकाने मागितले तर कोणता, हे विचारायलाच हवे.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरचे बिगूल ‘लाइट इन्फंट्री’ या किताबाची खूण आहे. तो मान १८४१मध्ये अफगाण मोहिमेतल्या कामगिरीबद्दल मिळाला. भरतकामात त्या बिगुलाची तुतारी करून ठेवणाऱ्यांनी आता थांबावे!

बंधूंनो, या महिन्यातच दुकानातले जुने नमुने बाहेर काढा आणि प्रत्येकावर हुद्दा, रेजिमेंट आणि वर्ष लिहा. ओळखपत्र किंवा युनिटचे पत्र पाहिल्याशिवाय हुद्द्याची चिन्हे विकू नका. फसवण्याच्या हेतूने सैनिकाचा वेश घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सैनिकाचे कपडे शिवायला आले, तर खरा बिल्ला लावू नका. साधी हिरवी पट्टी पुरते.