थोरल्यानेंच कां द्यावें ?

गेल्या पोळ्याच्या सुमारास नरडाण्यास एका स्नेह्यांच्या घरीं आमचा दोन दिवस मुक्काम होता. घरांत आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि थोरल्या सूनबाईंचीं दोन मुलें : मुलगा पावणेपांच वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. पोळ्यानिमित्त आजोबांनीं बाजारांतून एक लाकडी बैलगाडी आणली होती. ती कोणासाठीं, हें मात्र कोणीं बोलून दाखविलें नव्हतें, आणि पुढील साऱ्या तंट्याचें मूळ तेथेंच होतें.

थोरला गाडींत कापसाचीं बोंडें भरून ओसरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत 'माल' नेत होता. अर्ध्या वाटेवर धाकटीनें गाडी धरली व रडूं लागली. आजी आंतूनच म्हणाल्या, "बाळ, तूं मोठा ना ? दे बरें तिला." त्यानें दिली. धाकटीनें ती क्षणभर ओढली, टाकली आणि त्याच्या मातीच्या बैलांकडे वळली. पुन्हां तेंच रडें, पुन्हां तेंच वाक्य. संध्याकाळपर्यंत असे पांच प्रसंग आम्हीं पाहिले. पांचही वेळां थोरल्यानेंच दिलें; त्यांपैकीं चार वेळां वस्तु आधीं त्याच्याच हातांत होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी कोठेंच दिसेना. शोध करतां ती धान्याच्या कोठीमागें सांपडली, आणि धाकटीच्या दंडावर चिमट्याचा लाल डागही दिसला.

आजींना ह्यांत थोरल्याचा हट्टीपणा दिसला. आम्हांला निराळेंच दिसलें. पहिल्या दिवसानें दोघांनाही एकेक धडा दिला होता. धाकटी शिकली, कीं वस्तु हवी असल्यास रडावें. थोरला शिकला, कीं हातांत असलेली वस्तु सुरक्षित नाहीं. ती लपवावी, अथवा मोठीं माणसें येण्यापूर्वींच हिशेब चुकता करावा. देण्याचा गुण ह्या दोन धड्यांत कोठेंच नव्हता.

न्याय करावयाचा तर पहिला प्रश्न 'मोठें कोण' हा नसून 'वस्तु कोणाची' हा असावा. हिल्डी रॉस ह्या विदुषींनीं दोन व चार वर्षांच्या भावंडांचे तंटे त्यांच्या घरींच पाहून १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मालकीला मुलें आपापसांत बरेंच महत्त्व देतात. आईबाप मात्र निवाडा करतांना कधीं मालकाची बाजू घेतात, तर कधीं ज्याच्या हातीं वस्तु असेल त्याची, असें त्यांत आढळलें. नियम असा डळमळीत राहिला, कीं मुलें नियम सोडून आवाजावर भिस्त ठेवतात.

म्हणून आम्हीं सूनबाईंना खेळण्यांचे तीन भाग करावयास सांगितलें. मातीचे बैल थोरल्याचे, कापडी बाहुली धाकटीची, आणि गाडी व ठोकळे घराचे. स्वतःच्या वस्तूस 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार दोघांनाही सारखाच. थोरल्याचे बैल उंच फळीवर ठेवले, म्हणजे त्यांची राखण करण्यासाठीं त्याला भांडावें लागूं नये.

घराच्या वस्तूंचा नियम माँटेसरी बाईंच्या बालगृहांतून घेण्याजोगा आहे. तेथें प्रत्येक साधनाचा एकच संच मुद्दाम ठेवलेला असतो. ज्या मुलानें तो घेतला, त्याचें काम संपून तो जागेवर परत जाईपर्यंत दुसऱ्यानें थांबावयाचें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून माँटेसरींचे विचार आपल्याकडे रुजविले, आणि १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीस बालवाडी काढली. गाडी कोनाड्यांत परत गेली, कीं पाळी संपली, एवढाच नियम आम्हीं घरांत सांगितला. थोरला असो वा धाकटी, दोघांनाही तोच.

त्याच दुपारीं कसोटी लागली. गाडी थोरल्याकडे होती, धाकटी झेपावली. सूनबाई दोघांच्या मध्यें खालीं बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी दादाच्या हातांत आहे. तुला ती हवी आहे. दादाचा खेळ संपला, कीं तुझी पाळी." धाकटीनें आकांत केला. येथेंच बहुतेक घरें नियम मोडतात. अडीच वर्षांच्या मुलाला 'थोड्या वेळानें' हा शब्द कळत नाहीं. त्याचें थांबणें मोठ्या माणसानें सोबत बसून पार पाडावें लागतें. सूनबाईंनीं तिला मांडीवर घेतलें, रडूं दिलें आणि मग बोंडें निवडण्याचें काम दिलें. थोरल्याला देण्याविषयीं एक अक्षरही सुचविलें नाहीं. त्यानें आणखी तीन फेऱ्या केल्या, गाडी कोनाड्यापर्यंत नेली आणि तेथून वळून ती स्वतःच बहिणीपुढें आणून ठेवली.

ह्यास चमत्कार समजूं नये. नादिया चेर्न्याक व तमार कुश्निर ह्यांनीं २०१३ सालीं असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्या लहान मुलांना आपली चिकटचित्राची चकती दुःखी बाहुलीला द्यावी कीं स्वतः ठेवावी, ही खरी निवड मिळाली, त्यांनीं पुढच्या वेळीं, द्यावयास भाग पाडलेल्या मुलांपेक्षां अधिक दिलें. जें न देण्याची मोकळीक असते, तेंच दिल्यावर मूल 'मीं दिलें' असें मनांत नोंदवितें.

नियमाला मर्यादाही आहेत. कधीं थोरला निव्वळ खोडीनें वस्तु अडवून बसतो. ती खूण ओळखतां येते : त्याचे डोळे गाडीवर नसून बहिणीवर असतात, आणि ती दूर जातांच गाडी पडून राहते. अशा वेळीं हिसकावूं नये, "आणखी किती फेऱ्या?" असें विचारावें, त्यानें सांगितलेला आंकडा मोठ्यानें मोजावा आणि मग गाडी कोनाड्यांत ठेववावी. झोक्याचा खेळ मात्र आपोआप संपत नाहीं. तेथें आरंभींच वीस झोके ठरवावे व मोजण्याचें काम थांबणाऱ्याकडे द्यावें. हात उगारला गेल्यास मात्र नियमाची वाट न पाहतां दोघांना तत्काळ दूर करावें.

सर्वांत कठीण काम आजींचें होतें. "धाकटी रडते तें मला बघवत नाहीं," असें त्या म्हणत, आणि तें खोटें नव्हतें. एकत्र कुटुंबांत आईनें पाळलेला नियम दुसऱ्या कोणी मोडला, तर धाकटें मूल त्या व्यक्तीकडेच धांवतें. म्हणून त्या रात्रीं थोरल्या सूनबाईंनीं सासूबाईंना विनविलें, कीं तुम्ही निवाडा करूं नका, रडणारीला फक्त जवळ घ्या. जवळ घेणें आणि वस्तु मिळवून देणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आजींना पटलें.

महिन्यानें सूनबाईंचें पत्र आलें. तंटे थांबले नाहींत. रोज दोनतीन होतातच. परंतु गाडी पुन्हां कोठीमागें गेली नाहीं, आणि चिमटे बंद झाले आहेत. धुळ्याहून आलेल्या काकांनीं नवा चेंडू दिला, तेव्हां थोरल्यानें प्रथम विचारलें, "काका, हा माझा, कीं घराचा ?" खेळणें आणणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर उंबरठ्यावरच देऊन टाकावें.