अंकांची जुळणी आणि रोजमेळाचा हिशेब

वसई-दिवा लोहमार्गावरचे जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून परिचित आहे. तेथील एका किराणा-धान्याच्या दुकानाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. वडील साठी ओलांडलेले; दोन मुलगे कर्ते झालेले. थोरला गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाईक सांभाळतो, धाकटा वाशीच्या बाजारपेठेतून खरेदी करतो. गेल्या वर्षभरात दोघांत खटके उडू लागले. भागीदारीपत्र करण्याची वेळ आली, तेव्हा एका आप्ताच्या सांगण्यावरून वडिलांनी दोघांच्या जन्मतारखा अंकज्योतिष्यापुढे ठेवल्या. निर्णय मिळाला : थोरल्याचा अंक ४, धाकट्याचा ८, चार हा राहूचा, आठ शनीचा, या दोघांनी एका गल्ल्यावर बसू नये. उभ्या दुकानाचे दोन भाग करण्याची भाषा घरात सुरू झाली.

हा अंक निघतो कसा, हे आधी पाहावे. जन्मतारीख, महिना आणि वर्ष यांतील सर्व आकडे मिळवून एक अंक उरेपर्यंत बेरीज करीत जायचे. येणाऱ्या अंकाला भाग्यांक किंवा जीवनांक म्हणतात. केवळ तारखेच्या आकड्यांची बेरीज म्हणजे मूलांक. धाकट्याचा जन्म ११ एप्रिल १९९१ चा. १+१+४+१+९+९+१ म्हणजे २६, आणि २+६ म्हणजे ८. थोरल्याची तारीख १ जून १९८६. १+६+१+९+८+६ म्हणजे ३१, आणि ३+१ म्हणजे ४. बेरजेत चूक नाही.

चूक असलीच तर ती बेरजेच्या आधी आहे. १ जून ही तारीख पाहताच जुन्या पिढीतील कोणीही थबकेल. मुलाचे नाव शाळेत घालताना जन्मदाखला हाताशी नसला, की वय बसेल अशा रीतीने १ जून लिहून टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास होती. या घरातील आईला मात्र आठवत होते, की थोरला पर्युषणाच्या दिवसांत, तिच्या माहेरी राजस्थानात जन्मला. पत्रिका शोधल्यावर तारीख निघाली ३ सप्टेंबर १९८६. ३+९+१+९+८+६ म्हणजे ३६, आणि ३+६ म्हणजे ९. ज्या चारासाठी दुकान फोडायचे होते, तो चार थोरल्याचा नव्हताच. तो शाळेच्या नोंदवहीतला होता.

म्हणून दोन व्यक्तींच्या अंकांची तुलना करणाऱ्याने प्रथम तारखेचा पुरावा मागावा. मध्यरात्रीनंतर, पण सूर्योदयापूर्वी झालेला जन्म पंचांगाप्रमाणे आदल्या दिवसाचा आणि इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे पुढच्या दिवसाचा असतो. एका दिवसाच्या फरकाने अंक बदलतो आणि त्याबरोबर जुळणीही बदलते. शिवाय ही सारी बेरीज इंग्रजी सनावर उभी आहे. एप्रिल १९९१ मध्ये वीर निर्वाण संवत् २५१७ चालू होते. १९९१ च्या आकड्यांतून २ उरतो, २५१७ मधून ६. माणूस तोच, जन्माची घटका तीच. केवळ कालगणना बदलली की अंक दुसरा.

यावर कोणी म्हणेल, की तारीख अचूक असेल तर जुळणी खरी ठरत असावी. ते पाहण्यासाठी व्यापारी घरातीलच एक प्रसिद्ध जोडी घेता येते. संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांचे वडील वीरजी शाह कच्छहून मुंबईत येऊन किराण्याच्या व्यवसायात पडले. उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्या बदल्यात मुलांना संगीत शिकवले, असे सांगतात. कल्याणजींची नोंदलेली जन्मतारीख ३० जून १९२८ आणि आनंदजींची २ मार्च १९३३. १९५९ च्या 'सट्टा बाजार' आणि 'मदारी'पासून दोघांची नावे जोडीने पडद्यावर येऊ लागली आणि ती जोडी कित्येक दशके टिकली.

कल्याणजींच्या आकड्यांची बेरीज २९. २+९ म्हणजे ११. येथेच अंकशास्त्रींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष अकराला विशेष अंक मानून तेथेच थांबतो, दुसरा पुढे जाऊन २ काढतो. दुसरा पक्ष धरला, तर कल्याणजींचा भाग्यांक २ आणि आनंदजींचा, बेरीज २१ आल्याने, ३. आता मूलांक पाहावा : ३० तारखेचा ३ आणि २ तारखेचा २. म्हणजे एकाचा भाग्यांक तोच दुसऱ्याचा मूलांक. २ हा सांभाळून घेणारा आणि ३ हा व्यक्त होणारा, असे वर्णन करतात. मग या दोघांत सांभाळून घेणारा कोण आणि व्यक्त होणारा कोण? भाग्यांक धरला तर एक उत्तर, मूलांक धरला तर नेमके उलटे. दोन्ही उत्तरे तितक्याच सहजतेने पटतात, कारण जोडी यशस्वी झाली हे आपल्याला आधीच ठाऊक आहे.

याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. दोन्ही भावांच्या अंकांची स्वभाववर्णने वेगवेगळ्या कागदांवर उतरवावीत, अंक व नावे वगळावीत आणि दोघांना रोज पाहणाऱ्या चार माणसांना विचारावे, की कोणता कागद कोणाचा. जूचंद्रच्या घरात चाराचे वर्णन 'शिस्तीचा, हट्टी' आणि नवाचे 'धडाडीचा, तापट' असे असेल, तर थोरल्याला दोन्ही लागू पडतील, धाकट्यालाही पडतील. जे वर्णन दोघांनाही बसते, त्यावरून दोघांतील फरक सांगता येत नाही.

मग खटके कशाचे? त्याचे उत्तर रोजमेळात होते. थोरला जुन्या गिऱ्हाइकांना उधारी देई, ती सरासरी पंचेचाळीस दिवसांनी वसूल होई. धाकट्याला बाजारात मालाचे पैसे पंधरा दिवसांत चुकते करावे लागत. मधल्या तीस दिवसांची रक्कम उभी कोणी करायची, हे ठरलेच नव्हते. व्यापाऱ्याच्या तगाद्याचा फोन धाकट्याला येई आणि गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती थोरल्याला वाटे. त्या दोन जागांवर कोणत्याही अंकाची माणसे बसवली असती, तरी ती भांडलीच असती.

भागीदारीपत्रात लिहायचे ते हेच. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर नफा समसमान वाटला जातो आणि धंद्यातील नेहमीच्या बाबींवरील मतभेद बहुमताने सुटतात. दोनच भागीदार असतील तर बहुमत कसे होणार? म्हणून उधारीची कमाल मर्यादा, ती ओलांडण्यास दोघांचीही संमती, खरेदीचा अंतिम शब्द कोणाचा आणि मतभेदात कोणाचे ऐकायचे, ही चार कलमे आधी ठरावीत. या घरातील वडिलांनी उधारीला तीस दिवसांची हद्द घातली आणि एक वर्ष मतभेदातील शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला. वाटणीचा विचार त्या वर्षाच्या रोजमेळावर सोडला. अंकांचा कागद त्यांनी फाडला नाही. पत्रिकेत घडी करून ठेवला, शाळेच्या दाखल्याशेजारी.